क्लोज पॅसेजमध्ये पाचपैकी दोनच बरोबर येतात? चूक रिकाम्या जागेच्या बाहेर शोधा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. त्या पेपरात क्लोज पॅसेज असतो, म्हणजे मधले काही शब्द गाळलेला उतारा आणि प्रत्येक जागेला चार पर्याय. दर रविवारी सराव पेपर झाला की एक तक्रार हमखास येते. "मॅडम, शब्द सगळे येत होते, पर्यायांचे अर्थही माहीत होते, तरी क्लोज पॅसेजमध्ये पाचपैकी दोनच बरोबर आले." मग तो मुलगा किंवा मुलगी शब्दसंग्रहाची आणखी एक वही घालते, रोज वीस शब्द पाठ करते आणि महिन्याने पुन्हा दोनवरच येते.

शब्द पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, कारण बिघाड शब्दांत नाहीच. मूल रिकामी जागा ज्या वाक्यात आहे तेवढंच वाक्य वाचतं आणि चार पर्याय त्यात घालून बघतं. जो कानाला बरा वाटतो, त्यावर टिक करतं. पण चारही पर्याय त्या वाक्यात बसतील असेच निवडलेले असतात. पेपर काढणाऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याला एकच उत्तर बरोबर ठरवायचं आहे आणि उरलेले तीन चूक का, हे उद्या कोणी हरकत घेतली तर सांगता आलं पाहिजे. तिन्ही चुकीचे शब्द त्या वाक्यात व्याकरणाने बसत असतील, तर त्यांना बाद करणारा पुरावा त्याने कुठेतरी ठेवलेला असतोच. बहुतेक वेळा तो अलीकडच्या किंवा पलीकडच्या वाक्यात असतो, आणि बऱ्याचदा दोन्हींत अर्धा-अर्धा.

ही चाचणी मुळात परीक्षेसाठी निघालीच नव्हती. विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९५३ साली ती मांडली, ती एखादा मजकूर वाचायला किती सोपा वा अवघड आहे हे मोजायला. मजकुरातला ठरावीक अंतरावरचा, उदाहरणार्थ दर पाचवा, शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्याला तो भरता येतो का बघायचं. अर्धवट काढलेलं वर्तुळ आपलं मन आपोआप पूर्ण करतं, त्या 'क्लोजर'वरून 'क्लोज' हे नाव आलं. आपल्या परीक्षांत मात्र शब्द अंतर मोजून गाळत नाहीत, निवडून गाळतात. म्हणजे खूण मागे ठेवूनच गाळतात.

आधी खात्री करा की बिघाड हाच आहे

पूर्वी चुकलेला एखादा पॅसेज घ्या. पहिल्या रिकाम्या जागेच्या वाक्यानंतरचा सगळा मजकूर कोऱ्या कागदाने झाका आणि उत्तर लिहा. आता कागद एक वाक्य खाली सरकवा आणि तोच प्रश्न पुन्हा सोडवा. पाचही जागांना असंच करा. कागद सरकवल्यावर दोन-तीन ठिकाणी उत्तर बदललं, तर परीक्षेत तुम्ही पुढचं वाक्य वाचतच नव्हता. उत्तर बदललं नाही आणि तरीही चुकलं, तर तुम्ही वाचता, पण दोन वाक्यांची गाठ घालत नाही. हा बिघाड वेगळा आहे, त्याच्याकडे पुढे येते.

संगणकावरच्या परीक्षेत ही सवय आणखी बळावते. तिथे प्रत्येक रिकामी जागा स्वतंत्र प्रश्न म्हणून येते, खाली चार पर्याय असतात, आणि डोळे पॅसेजमधला तो आकडा शोधून नेमक्या त्याच ओळीवर जाऊन थांबतात. एसएससीच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यातले २५ इंग्रजीचे. घाई होणारच. पण सरासरी काढली तर एका प्रश्नाला ३६ सेकंद, म्हणजे पाच जागांच्या पॅसेजला तीन मिनिटं मिळतात. दहा-अकरा वाक्यं पर्यायांकडे न बघता एकदा सलग वाचायला मिनिटभर लागतं. ते मिनिट वाचवायला जाल तर तीनही मिनिटं वाया जातात.

एक पॅसेज, शेवटपर्यंत

हा पॅसेज मी वर्गासाठी लिहिला आहे. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत देते, कारण ती मोठ्याने वाचायची आहेत. वाचताना जिथे अडखळाल तिथेच गाठ असते.

लास्ट यीअर द रेन्स केम अर्ली, अँड बाय जुलै द व्हिलेज टँक वॉज फुल. द (१) डिड नॉट लास्ट. बाय फेब्रुवारी, विमेन वेअर वन्स अगेन वॉकिंग टू किलोमीटर्स फॉर अ पॉट ऑफ वॉटर. ऑफिशिअल्स (२) द फार्मर्स, हू हॅड प्लँटेड शुगरकेन ऑन एव्हरी साइड ऑफ द टँक. द फार्मर्स रिजेक्टेड धिस चार्ज. द टँक इटसेल्फ, दे सेड, हॅड बिकम (३). सिल्ट हॅड बीन सेटलिंग इन इट फॉर फॉर्टी यीअर्स, सो इव्हन अ फुल टँक नाउ हेल्ड लिट्ल वॉटर. द ऑफिशिअल्स डिड नॉट फुली ॲक्सेप्ट धिस. (४), इन एप्रिल दे सेंट टू मशिन्स टू डिग आउट द सिल्ट. द सिल्ट वॉज नॉट (५). फार्मर्स कॅरीड इट अवे इन ट्रॉलीज अँड स्प्रेड इट ऑन देअर फील्ड्स.

पहिल्या जागेचे पर्याय होते रिलीफ, शॉर्टेज, फ्लड आणि डिस्प्यूट. वाक्य इतकं तोकडं आहे की चारही शब्द त्यात सहज बसतात. दिलासा टिकला नाही, टंचाई टिकली नाही, पूर टिकला नाही, भांडण टिकलं नाही. या वाक्याकडे अर्धा तास बघत बसलात तरी ते उत्तर देणार नाही.

वर्गातल्या एका मुलीने फ्लड लिहिलं होतं. मागच्या वाक्यात पाऊस, भरलेला तलाव, म्हणून पूर. तिने अलीकडचं वाक्य वाचलं, पलीकडचं नाही. तिच्या शेजारच्या मुलाने शॉर्टेज लिहिलं. पुढे बायका पाण्यासाठी दोन किलोमीटर चालतायत, म्हणजे टंचाई. त्याने पलीकडचं वाचलं, पण 'डिड नॉट लास्ट' विसरला. टंचाई टिकली नाही असं म्हणायचं, तर पुढे पाणी मिळायला हवं होतं, आणि इथे तर ते आटलंय. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवा. अलीकडे तलाव भरला, पलीकडे पाणी पुन्हा नाही. मग मधे जे टिकलं नाही ते काहीतरी चांगलंच होतं. म्हणून रिलीफ. आणि पुढच्या वाक्यातल्या 'वन्स अगेन' या दोन शब्दांवर बोट ठेवा. 'पुन्हा एकदा' म्हणजे आधीही टंचाई होती, मधे ती मिटली होती. दिलासा या शब्दाला अर्थ येतो तो या 'पुन्हा'मुळे.

दुसरी जागा मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. पर्याय ब्लेम्ड, वॉर्न्ड, प्रेज्ड आणि पेड. अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांना दोष दिला, बजावलं, त्यांचं कौतुक केलं किंवा त्यांना पैसे दिले. तलावाभोवती ऊस आहे हे त्याच वाक्यात कळतं, त्यामुळे कौतुक बाजूला पडतं, पण बजावलं आणि दोष दिला यात निवड होत नाही. निर्णय पुढच्या पाच शब्दांत आहे : द फार्मर्स रिजेक्टेड धिस चार्ज. 'धिस' म्हणजे आत्ताच सांगितलेली गोष्ट. ती एक 'चार्ज' होती आणि शेतकऱ्यांनी ती फेटाळली. आरोप फेटाळतात. म्हणून ब्लेम्ड.

इथे एका मुलाने पुढचं वाक्य नीट वाचूनसुद्धा पेड लिहिलं. विचारलं तर म्हणाला, "चार्ज म्हणजे पैसे ना मॅडम? हॉटेलात सर्व्हिस चार्ज घेतात तसं." त्याचं वाचन बरोबर होतं, खूणही त्याने बरोबर पकडली होती, फक्त खुणेच्या शब्दाचा त्याला एकच अर्थ माहीत होता. अशा वेळी आणखी एक वाक्य पुढे जा. 'द टँक इटसेल्फ, दे सेड.' हे 'इटसेल्फ' तिथे उगाच नाही. आम्ही नाही, तो तलावच तसा झालाय, असं शेतकरी म्हणतायत. माणूस बोट दुसरीकडे दाखवतो ते त्याच्यावर आळ आल्यावर. पैसे मिळाले असते तर असं बोलायची गरजच नव्हती. म्हणजे चार्ज शब्द अडला तरी त्यापुढचं वाक्य तुम्हाला त्याच उत्तरावर आणून सोडतं. चांगल्या पॅसेजमध्ये अर्थाच्या जागेला अशा दोन-दोन खुणा सापडतात, म्हणून एक खूण समजली नाही तर लगेच अंदाजावर जाऊ नका.

हीच गोष्ट 'टँक' शब्दाची. दोन-तीन मुलांनी टँक म्हणजे गच्चीवरची टाकी धरली होती. तिच्या चारी बाजूंना ऊस लावलाय हे वाचल्यावर ते गडबडले. शब्दाचा अर्थसुद्धा आजूबाजूच्या वाक्यांकडूनच ठरवून घ्यायचा असतो.

तिसऱ्या जागेला शॅलो, डर्टी, डीप, ओल्ड. चाळीस वर्षं गाळ साचतोय म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने डर्टी लिहिलं. गाळ म्हणजे घाण, हा विचार मराठी मनात पटकन येतो. पण वाक्य गाळापाशी थांबत नाही. त्यात पुढे 'सो' आहे, म्हणजे 'म्हणून', आणि 'म्हणून'नंतर काय येतं? भरलेल्या तलावातही आता थोडंच पाणी मावतं. घाणीने पाणी कमी मावत नाही, तळ वर आल्याने कमी मावतं. उथळ, शॅलो. खुणेचं वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचा, ओळखीचा शब्द दिसला की तिथेच थांबू नका. आणि 'फुल टँक' हे शब्द थेट पहिल्या वाक्याकडे बोट दाखवतात. जुलैत भरलेला तलाव फेब्रुवारीत रिकामा कसा झाला, हे कोडं इथे सुटतं.

इथे एक सावधगिरी सांगते. आपल्याकडे गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्यामुळे पुढे काय होणार हे मुलांना आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं आणि ती वाचायचं सोडून आठवायला लागतात. विषय ओळखीचा असेल तेव्हा उलट जास्त हळू वाचा. उत्तर पॅसेजने द्यायचं आहे, तुमच्या माहितीने नाही.

चौथी जागा : जोडशब्द

पर्याय देअरफोर, नेव्हरदलेस, सिमिलर्ली आणि अदरवाइज. जोडशब्दाची जागा असते तेव्हा रिकाम्या जागेचं वाक्य एकट्याने वाचणं निरर्थकच. 'एप्रिलमध्ये त्यांनी दोन मशिनं पाठवली' या वाक्याला 'म्हणून' लागेल की 'तरीही', हे मागचं वाक्य बघितल्याशिवाय कोण सांगणार?

मराठी माध्यमाच्या मुलांना मी इथे एक सरळ उपाय सांगते. दोन्ही वाक्यं मराठीत मनात म्हणा आणि मधे कोणता शब्द आपोआप तोंडात येतो ते ऐका. 'अधिकाऱ्यांना हे पूर्ण पटलं नाही, ... एप्रिलमध्ये त्यांनी गाळ काढायला दोन मशिनं पाठवली.' कोणीही मराठी माणूस 'तरीही' म्हणेल. म्हणून नेव्हरदलेस. ज्यांनी देअरफोर लिहिलं होतं, त्यांनी 'डिड नॉट'मधलं नॉट गिळलं होतं. अधिकाऱ्यांना पटलं असतं, तर 'म्हणून' बरोबरच होतं. जोडशब्दाच्या जागी मागच्या वाक्यातला नकार आधी शोधा. नॉट सहज दिसतो, पण हार्डली, फ्यू, लिट्ल, फेल्ड हे शब्दही नकाराचंच काम करतात आणि नजरेतून निसटतात.

या उपायाला एक मर्यादा आहे. मराठीतून अर्थाची दिशा कळते, वाक्याची रचना कळत नाही. पर्यायांत नेव्हरदलेसबरोबर ऑल्दो आणि डिस्पाइटही दिले असतील, तर तिन्हींचा रोख 'तरी'चाच. तिथे रिकाम्या जागेनंतर काय आहे ते बघायचं. जागेनंतर लगेच स्वल्पविराम आणि मग एकच पूर्ण वाक्य असेल, जसं इथे आहे, तर नेव्हरदलेस. ऑल्दो म्हणजे 'जरी', त्याला त्याच वाक्यात 'तरी'चा दुसरा भाग लागतो. डिस्पाइटनंतर नाम येतं किंवा आयएनजी लावलेलं क्रियापद, पूर्ण वाक्य येत नाही. म्हणजे आधी मराठीने दिशा ठरवा, मग विरामचिन्हाने शब्द.

पाचवी जागा वेस्टेड, रिमूव्ह्ड, फर्टाइल, व्हिजिबल. नॉट आधीच दिलाय, म्हणून उत्तर उलटं करून बघायचं. अलीकडे मशिनं गाळ काढतायत, पलीकडे शेतकरी तो ट्रॉलीने नेतायत, तेव्हा 'काढला नाही' दोन्ही बाजूंनी खोटं ठरतं. शेतात पसरतायत म्हणजे तो नापीक नाही. दिसत नव्हता म्हणावं, तर ट्रॉल्या कशाने भरल्या? वाया गेला नाही, हेच उरतं.

वाचूनही चुकतं, त्यांच्यासाठी

कागद सरकवूनही ज्यांचं उत्तर बदललं नाही, त्यांनी एक आठवडा पेन्सिल घेऊन सोडवा. पॅसेजमध्ये धिस, सच, दे, इट, बोथ, वन्स अगेन, इव्हन असा मागे बोट दाखवणारा शब्द आला की त्याला गोल करा आणि तो ज्याच्याकडे बोट दाखवतो तिथपर्यंत रेघ ओढा. वरच्या पॅसेजमध्ये 'दे सेड'ची रेघ शेतकऱ्यांकडे जाते, 'दे सेंट'ची अधिकाऱ्यांकडे. दोन 'दे', दोन वेगळी माणसं. ज्या मुलाने मशिनं शेतकऱ्यांनी पाठवली असं धरलं, त्याला चौथ्या जागेत देअरफोर बरोबर वाटणारच होतं. शेतकऱ्यांना गाळ हेच कारण वाटत होतं, म्हणून त्यांनी मशिनं पाठवली. अख्खी चूक एका सर्वनामातून निघाली. परीक्षेत पडद्यावर रेघा ओढता येत नाहीत, पण आठ-दहा पॅसेज पेन्सिलने केले की डोळा आपसूक ओढायला लागतो.

आणि जागा क्रमानेच भरायच्या असा नियम नाही. पहिल्या जागेपाशी अडलात तर पुढे जा. वरच्या पॅसेजमध्ये पाचवी जागा सगळ्यांना सर्वांत सोपी गेली. एक जागा पक्की भरली की तिचं वाक्य शेजारच्या जागेला खूण म्हणून वापरता येतं. पण ती खरंच पक्की असेल तरच. दुसऱ्या जागी पेड भरलेल्या मुलाने पुढे सगळी गोष्ट पैशाभोवती रचली आणि तिसऱ्या जागेत सरळ ओल्ड लिहिलं, 'तलाव जुना झाला, दुरुस्तीला पैसे'. शंका असेल ती जागा रिकामी समजूनच पुढे वाचा.

शेजारची वाक्यं जिथे कामाची नाहीत

सगळ्याच जागा अशा नसतात. पर्यायांकडे बघितल्यावर ते ओळखता येतं. चार पर्याय इन, ऑन, ॲट, बाय असे असतील, तर त्याच वाक्यातलं क्रियापद किंवा नाम बघा. ब्लेमला फॉर लागतं आणि अक्यूजला ऑफ, हे शेजारचं वाक्य सांगू शकत नाही, ते पाठच असावं लागतं. एकाच क्रियापदाची चार रूपं दिली असतील, तर आधी त्याच वाक्यातला कर्ता आणि काळ दाखवणारा शब्द बघा, आणि तिथे काही नसेल तरच शेजारच्या क्रियापदांचा काळ. चार वेगवेगळ्या अर्थांचे शब्द दिले असतील, तेव्हा मात्र शेजारी गेल्याशिवाय गत्यंतर नाही. ही छाननी दोन सेकंदांची आहे. ती केली नाही, तर इन-ऑनसाठी मुलं अख्खा पॅसेज पुन्हा वाचत बसतात.

बँकेच्या परीक्षांत कधी रिकामी जागा नसतेच. तिथे एक शब्द छापलेला असतो आणि तो बदलायचा की तसाच ठेवायचा हे विचारतात, पर्यायांत 'बदल नको' हेही असतं. इथे छापलेला शब्द डोळ्याला खरा वाटतो, हीच अडचण. त्या शब्दावर बोट ठेवून तो झाका, अलीकडचं-पलीकडचं वाचून स्वतःचा शब्द मनात ठरवा आणि मग बोट काढा. मनातला शब्द मराठी असला तरी चालतो. 'आरोप केला' एवढं सुचलं तरी छापलेलं प्रेज्ड चूक आहे हे लगेच कळतं.

वहीत शब्दांच्या याद्यांऐवजी एक साधा तक्ता करा. चुकलेल्या प्रत्येक जागेपुढे खूण कुठे होती ते लिहा : त्याच वाक्यात, अलीकडे, पलीकडे की दोन्हीकडे. फ्लड लिहिणाऱ्या मुलीने दहा पॅसेजचा तक्ता करून आणला, तेव्हा 'पलीकडे'च्या रकान्यात अकरा रेघा होत्या आणि 'अलीकडे'मध्ये दोन. ती मागचं सगळं नीट वाचत होती आणि रिकाम्या जागेशी पोचली की थांबत होती. तिला मी एवढंच सांगितलं की पुढच्या पूर्णविरामापर्यंत गेल्याशिवाय पर्यायांकडे बघायचं नाही.